जलचक्राचा बाण कुठल्या समुद्राकडे?

चित्र काढून देणाऱ्या कुठल्याही एआय साधनाला सांगा, ‘सहावीच्या मुलांसाठी जलचक्राची आकृती काढ, नावं मराठीत दे.’ मिनिटभरात जे येतं ते दिसायला सुरेख असतं. उजवीकडे बर्फाची टोपी घातलेला डोंगर, पायथ्याशी सूचिपर्णी झाडं, डोंगरातून निघालेली नदी वळसे घेत समोरच्याच समुद्रात शिरलेली, वर हसरा सूर्य आणि समुद्रातून उठणारी पांढरी वाफ. नावांच्या जागी देवनागरीसारखं काहीतरी असतं. ‘बाष्पीभवन’मधला ष्प मोडलेला, वेलांट्या भलत्याच अक्षरावर, एखादं नाव दोनदा आणि एखादं गायब.

मी शाळांसाठी आकृत्या काढतो. गेली काही वर्षं शिक्षक या साधनांनी केलेली चित्रं घेऊन येतात आणि म्हणतात, ‘दादा, फक्त अक्षरं नीट करून द्या.’ अक्षरं नीट करणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. अक्षरांची चूक वाचता येणाऱ्या कुणालाही दिसते. बाणाची चूक दिसत नाही, कारण चुकीचा बाणही बरोबर बाणाइतकाच ठसठशीत असतो.

मी राहतो लोणावळ्याजवळच्या कुसगाव बुद्रुकला. इथल्या मुलांसाठी ती बर्फाळ आकृती कशी चुकते, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. आमच्याकडे पाऊस अरबी समुद्राच्या बाजूने येतो. किनारा इथून सरळ रेषेत साठेक किलोमीटर पश्चिमेला आहे. बाष्पाने भरलेले वारे कोकणपट्टी ओलांडून घाटाच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळा भार लोणावळ्याच्या परिसरात टाकतात. लोणावळ्याला वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्याला पोहोचेपर्यंत तो 700च्या आसपास उरतो. पण आमच्या शिवारात पडलेलं पाणी ज्या समुद्रावरून आलं, तिकडे परत जात नाही. ते इंद्रायणीला मिळतं आणि देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत जातं. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे पश्चिमेच्या समुद्रावरून आलेलं पाणी हजाराहून अधिक किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला जातं. बर्फाळ आकृतीतली नदी मात्र डोंगरावरून उतरून त्याच समुद्राला मिळते. लोणावळ्यात बसून ती आकृती पाठ करणाऱ्या मुलाला इंद्रायणी उलटी वाहताना दिसायला हवी.

साधन असं का करतं? त्याला पाण्याबद्दल काही ठाऊक असतं म्हणून नव्हे. चित्रं आणि त्यांखालच्या ओळींच्या प्रचंड साठ्यावर ते घडवलेलं असतं, आणि त्या साठ्यात ‘जलचक्र’ या शब्दाशी बांधलेली बहुतेक चित्रं थंड देशांतली आहेत. आपण मोघम सांगितलं की ते सगळ्यांत सरावाचं चित्र देतं. हा दोष मुळात यंत्राचाही नव्हे. 2019 साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात जगभरच्या 450हून अधिक जलचक्र-आकृत्या तपासल्या होत्या. सुमारे 85 टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्यातला हस्तक्षेपच दाखवलेला नव्हता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 2022 मध्ये आपली जलचक्राची आकृती नव्याने काढली, तेव्हा धरणं, शेती, शहरं त्यात घातली.

आमच्याकडे तर हा हस्तक्षेप घराच्या गच्चीवरून दिसतो. टाटांच्या वळवण आणि लोणावळा तलावांतलं पाणी सहसा पूर्वेला सोडलं जात नाही. ते नळांतून घाटाखाली खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरवलं जातं. हे केंद्र 1915 साली सुरू झालं, आणि पाणी तिथे सुमारे 500 मीटर खाली येतं. वीज करून झाली की ते पाताळगंगेत आणि तिथून अरबी समुद्राकडे जातं. एकाच सरीचे दोन थेंब, एक वळवणच्या तलावात पडलेला आणि एक माझ्या अंगणात, दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. जलचक्राचं यापेक्षा चांगलं उदाहरण राज्यात क्वचितच मिळेल, आणि ते शाळेच्या भिंतीवर नसतं.

तर अशी आकृती प्रॉम्प्ट देऊन करून घेता येते का? येते, पण निम्मी. माझा नियम असा की साधनाकडून फक्त जमीन मागायची. बाण आणि नावं आपली आपण घालायची. जमीन मागतानाही दोन शब्द टाळावे लागतात. ‘आकृती’ आणि ‘शैक्षणिक’ हे शब्द आले की साधन बाण आणि मोडकी अक्षरं घेऊनच येतं. ‘नावांसाठी जागा सोड’ म्हटलं तरी त्या जागेत ते काहीतरी लिहून ठेवतं. दुसरी गंमत नकाराची. ‘बर्फ नको’ लिहिलं की बर्फाचा उल्लेख झाला, आणि पुष्कळ साधनं नेमका बर्फच काढतात. म्हणून नको ते लिहायचं नाही, हवं ते लिहायचं. मी वापरतो तो प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

‘जमिनीचा उभा छेद, बाजूने पाहिलेला, सपाट रंगांत. डाव्या टोकाला समुद्र. त्याला लागून सखल हिरवं मैदान, चित्राच्या पावपट रुंदीचं. मग एकदम उभा काळा कडा. कड्याच्या माथ्यापासून उजव्या टोकापर्यंत हळूहळू उतरत जाणारं पठार, त्यावर सपाट माथ्याचे डोंगर आणि रुंद पानांची झाडं. कड्याच्या माथ्याजवळ एक छोटा तलाव. जमिनीखाली काळ्या खडकाचे आडवे थर, वरच्या थराला भेगा. वर मोकळं करडं आकाश.’

यातलं प्रत्येक वाक्य एक चूक अडवण्यासाठी आहे. ‘डाव्या टोकाला’ म्हटलं नाही तर समुद्र कुठेही येतो आणि नकाशाची सवय असलेल्या मुलाची पूर्व-पश्चिम बिघडते. ‘आडवे थर, वरच्या थराला भेगा’ हे नसेल तर जमिनीखाली निळाशार तलाव येतो. भूजल म्हणजे पाताळातलं तळं ही समजूत मोठ्या माणसांतही असते. आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे, आणि पाणी त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांमध्ये साठतं. म्हणून तर इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात. ‘करडं आकाश’ हे सूर्याला दूर ठेवण्यासाठी. सूर्य हवा, पण तो मी नंतर समुद्रावर दूर डावीकडे ठेवतो, कारण आमच्यावर पडणाऱ्या पावसाचं बाष्प इथल्या उन्हाने तयार झालेलं नसतं. ते अरबी समुद्रावरून आणि त्याही पलीकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडल्या हिंदी महासागरावरून आलेलं असतं.

पांढरी वाफ मी कधीच ठेवत नाही. बाष्प अदृश्य असतं, आणि पांढरं दिसतं ते पुन्हा थेंब झालेलं पाणी. समुद्रावर वाफेचे लोट दाखवले की पाणी उकळल्याशिवाय बाष्पीभवन होत नाही, असं मूल धरून चालतं. मग दोरीवरचे कपडे कसे वाळतात, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तिथे वर जाणारा तुटक रेषेचा बाण, आणि ढग सुरू होतात ते कड्याच्या अलीकडे, उंचावर.

आता बाण. चित्र उघडण्याआधी मी प्रत्येक बाण कागदावर पूर्ण वाक्यात लिहितो. ‘समुद्राच्या पृष्ठभागावरून पाणी बाष्प होऊन हवेत जातं.’ ‘वारा बाष्प पूर्वेला नेतो.’ ‘कड्यावर हवा चढते, थंड होते, बाष्पाचं संघनन होतं.’ ‘पठारावरचं पाणी इंद्रायणीतून पूर्वेला जातं.’ ‘तलावातलं पाणी नळातून पश्चिमेला, खोपोलीला उतरतं.’ ज्या बाणाचं वाक्य होत नाही तो बाण काढायचा नाही. तयार चित्रं या कसोटीला लावली की धमाल येते. पानांतून निघालेला बाण मुळांकडे जातो, पावसाचा बाण ढगाकडे वर चढतो, आणि एखादा बाण कुठूनच निघत नाही. एकदा एका बाईंनी आणलेल्या चित्रावर मी बोट ठेवून विचारलं, ‘बाई, हा बाण काय म्हणतो?’ त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘शोभेचा आहे हो.’ शाळेच्या आकृतीत शोभेचा बाण नसतो. मूल तो वहीत उतरवतं आणि परीक्षेत काढतं.

एक बाण बहुतेक आकृत्यांत नसतोच, आणि तो मी आवर्जून घालतो. समुद्रावरून उठलेल्या बाष्पापैकी सुमारे नव्वद टक्के पुन्हा समुद्रावरच पाऊस होऊन पडतं. म्हणून समुद्रावर एक जाड बाण खाली, आणि जमिनीकडे येणारा बारीक.

प्रमाणाचा प्रश्न मात्र सुटत नाही, तो कबूल करावा लागतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आणि किनारा साठ किलोमीटरवर. म्हणजे उंची अंतराच्या शंभराव्या भागाएवढी. हा भाग 25 सेंटिमीटर रुंदीत खऱ्या प्रमाणात काढला तर सह्याद्रीचा कडा अडीच मिलिमीटरचा होतो. उंची वाढवावीच लागते. मग आकृतीखाली ‘उंची प्रमाणापेक्षा वाढवून दाखवली आहे’ हे छापायचं. पूर्वेकडचे हजार किलोमीटर तर बसतच नाहीत. तिथे नदीची रेघ तोडून दोन तिरक्या खुणा करायच्या आणि पलीकडे ‘बंगालचा उपसागर’ लिहायचं.

नावं मी इंकस्केपमध्ये घालतो, ‘मुक्ता’सारख्या युनिकोड फॉन्टमध्ये. काम संपल्यावर फाइलची एक प्रत ठेवून दुसरीत `Path > Object to Path` करतो, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात आणि छापखान्यातल्या संगणकावर जोडाक्षरं फुटत नाहीत. मग काळ्या-पांढऱ्यात एक झेरॉक्स काढतो, कारण शाळेत शेवटी तीच वाटली जाते. निळं पाणी आणि हिरवं मैदान झेरॉक्समध्ये एकाच करड्या रंगाचे होतात. तेव्हा पाण्यावर आडव्या लाटांच्या रेघा टाकाव्या लागतात.

वनस्पती पेशीबाबतही हेच. मोघम ‘वनस्पती पेशी’ मागितली की हिरव्या हरितलवकांनी भरलेली पेशी येते, केंद्रक अंड्याच्या बलकासारखं मधोमध असतं, आणि कधीकधी प्राणिपेशीतलं तारककायही फुकट मिळतं. मुलं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तो मात्र कांद्याचा पापुद्रा. त्यात हरितलवकं नसतात, मधली जागा मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते आणि केंद्रक कडेला सरकलेलं असतं. म्हणून प्रॉम्प्ट लिहिण्याआधी शिक्षकांना एवढंच विचारतो, ‘मुलं नक्की काय बघणार आहेत?’ कांदा असेल तर विटांसारख्या लांबट पेशींची एक ओळ मागायची, प्रत्येकीत कडेला एक गडद ठिपका, आणि भिंत दुहेरी रेषेने. पेशीपटल भित्तिकेच्या आतून वेगळं दाखवायची रेघ हाताने ओढायची, कारण चित्रात ती दोन्ही नेहमीच एकमेकांत विरघळलेली येतात.