तुपाऐवजी ओवी

भाची आणि जावईबापू म्यूनिकमध्ये बिऱ्हाड थाटताहेत. तिथल्या भाड्याच्या घरांत बरेचदा ओटाही नसतो, तोही आपणच बसवून घ्यायचा. अशा घरासाठी भेटीचा खोका भरायचा तर प्रत्येक पुडीसोबत एक ओवी ठेवायची, असं मी ठरवलं.

ग्रंथातल्या ओवीचे साडेतीन चरण मला या कामाला फार सोयीचे वाटतात. पहिल्या तिघांचं यमक जुळतं, चौथा तोकडा असतो आणि मोकळा सुटतो. चार ओळी चिठ्ठीवर सहज मावतात. पण पहिल्या ओवीत ‘संसार’ला ‘आधार’ आणि ‘उदार’ जुळले, तेव्हा मी ती बाजूला ठेवली. ती कुणाच्याही खोक्यात चालली असती. माहेराच्या आठवणीची होती तीही काढली. परक्या गावी पहिल्याच आठवड्यात लेकरांना रडवणारं काही पाठवू नये. ओवी पुडीतल्या जिनसाला धरूनच हवी. मेतकुटाची ही जमली:

दारी काढा ओले बूट
आत करा मग लूट
ऊन भात मेतकूट
दोघे जण

आधी ‘काढ गं’ होतं. पण भात दोघांनी लावायचा, म्हणून ‘काढा’ केलं.

अडलं ते तुपाशी. भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. टपालानंही चालत नाहीत. मऊ भात तुपाविना? मग तूप नाही, तर ते कढवण्याची ओवी धाडली:

लोणी मिळे तिथे खूप
मंद आचेवरी तूप
येई रवाळसे रूप
घर भरे

चिठ्ठीच्या मागे साध्या शब्दांत लिहिलं: विरजलेल्या सायीचं, बिनमिठाचं लोणी बघून घ्या, आपल्या घरच्या लोण्याला तेच जवळचं. फेस बसला, तळाशी बेरी बदामी झाली की लगेच उतरवा. क्षणभर उशीर झाला तर जळका वास येतो. रवा मात्र तूप सावकाश निवल्यावरच धरतो.

चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिल्या. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं असतं, त्याचं तेल कागदाला लागतंच. ओल्या बोटांनी शाईही फुटते, शिसं तसंच राहतं. तरी प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या पिशवीत घालून पुडीला बाहेरून बांधली.

नव्या घरी पाव आणि मीठ घेऊन जायची जर्मन लोकांची जुनी रीत आहे. कुणी शेजारी तसा आलाच, तर त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? म्हणून भाजणीच्या पुडीला ही बांधली:

शेजारी देतील मीठ
घरी भाजणीचे पीठ
थालीपीठ थापा नीट

उरलेला तोकडा चरण त्या दोघांनी लिहून मला फोनवर वाचून दाखवायचा आहे.