राजी कोण होते?

वर्तमानपत्र उघडले की कुणाच्या तरी राजीनाम्याची बातमी हमखास वाचावयास मिळते. मंत्री राजीनामा देतो, कारकून राजीनामा देतो, सोसायटीचा चिटणीसही रागाच्या भरात राजीनामा लिहून टेबलावर आपटतो. पद सोडल्याचा कागद म्हणजे राजीनामा, हा अर्थ आपल्या मनात इतका पक्का बसला आहे की, एके काळी हा शब्द दुसरेच काही सांगत होता हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. आमच्या धर्मग्रामातील दोन वृद्ध मित्रांवर मात्र या एका शब्दापायी दोन महिने अबोला धरण्याची पाळी आली.

त्यांची खरी नावे सांगण्याचे कारण नाही. एक बागायतदार, त्यांना आपण नाना म्हणू. दुसरे निवृत्त शिक्षक, ते सर्वांचे मास्तर. दोघांच्या वाड्या लागून आहेत आणि लहानपणापासूनची त्यांची मैत्री गावाला ठाऊक आहे. नानांचे जुने घर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत मोडी लिपीतील काही कागद सापडले. नानांच्या नातवाने ते मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतले. त्यांतील एक 1898 सालचा होता. नानांच्या आजोबांनी विहिरीजवळच्या 14 गुंठे बागायतीचा ‘राजीनामा’ मामलेदारांकडे दिला होता, आणि त्याच जमिनीची ‘कबुलायत’ मास्तरांच्या आजोबांनी लिहून दिली होती.

नातवाने आधी सरळपणे विचारले, ‘‘खापरपणजोबा नोकरीत होते का हो?’’ नाना हसले नाहीत. ती 14 गुंठे जागा आपली होती, ती आपल्या हातून गेली, हे त्यांनी बालपणापासून घरात ऐकले होते. कशी गेली हे मात्र कुणी सांगत नसे. आता कागद बोलू लागला, असे त्यांना वाटले. त्याच संध्याकाळी ते मास्तरांच्या ओटीवर गेले. योगायोगाने मीही तेथे बसलो होतो.

‘‘मास्तर, तुझ्या आजाने माझ्या आजाकडून राजीनामा लिहून घेतला होता. राजीनामा सुखासुखी देतो का कोणी? द्यायला लावतात तेव्हाच माणूस देतो!’’

मास्तरांनी कागद शांतपणे वाचला. ‘‘अरे, शब्द फोडून बघ. राजी आणि नामा. राजी म्हणजे खुशी, नामा म्हणजे लेख. खुशीने लिहून दिलेला कागद तो. तुझ्या आजाने स्वखुशीने जमीन दिली, हे त्या शब्दातच लिहिलेले आहे.’’

‘‘खुशीने? पिकती बागायत, विहिरीसकट?’’

‘‘मी म्हणत नाही, कागद म्हणतो.’’

नाना उठले. ‘‘फादर, तुम्ही साक्षी आहात,’’ एवढेच बोलून ते गेले, आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकले नाही.

वाचकहो, या भांडणात गंमत अशी की शब्दाचा अर्थ मास्तरांना बरोबर ठाऊक होता, तरीही त्यांचा निष्कर्ष नानांच्या निष्कर्षाइतकाच कच्चा होता. ‘राजी’ अरबीतून फारसीत आणि तेथून मराठीत आला. ‘नामा’ फारसी. पंचनामा, करारनामा, जाहीरनामा ही त्याचीच भावंडे. तेव्हा राजीनामा म्हणजे मूळचे संमतिपत्र. उत्तरेकडील न्यायालयांत वादी-प्रतिवादींच्या तडजोडीच्या लेखाला हाच शब्द आहे. नेपाळात जमिनीच्या विक्रीचा दस्तही राजीनामा आणि पद सोडल्याचा कागदही राजीनामाच. आपल्याकडे मुंबई इलाख्यात खातेदाराने सरकारदरबारचे आपले खाते सोडावयाचे झाले की तो राजीनामा देई. 1879 च्या जमीन महसूल कायद्यानुसार जमीन साफ सोडता येई किंवा एका ठराविक माणसाच्या लाभात सोडता येई. दुसऱ्या प्रकारात तो माणूस सारा भरण्याची कबुलायत लिहून देई. जमिनीवरचा हक्क सोडण्याचा हा शब्द पुढे पदावरचा हक्क सोडण्यालाही लागला, आणि जमिनीचे कागद निराळे झाल्यावर पदापुरताच उरला, असा त्याचा प्रवास दिसतो.

पण येथेच सावध राहिले पाहिजे. राजीनामा हे कचेरीतील कागदाचे नाव होते. हसत जमीन देणाराही राजीनामाच लिही आणि डोळे पुसत देणाराही राजीनामाच लिही. नानांनी आजचा अर्थ शंभर वर्षे मागे नेला, मास्तरांनी त्याहून जुना अर्थ ओढून पुढे आणला. आजोबांच्या मनात काय होते ते दोघांपैकी कुणालाही त्या शब्दात सापडणार नव्हते. तो कागद होता सरकारला उद्देशून, यापुढे सारा कुणाकडून घ्यावा एवढेच सांगणारा. दोन माणसांत व्यवहार कोणता झाला, विक्री की गहाण, किती रुपयांना, हे पाहावयाचे तर त्याच्या जोडीचा दस्त शोधावा लागतो. त्या काळी शंभर रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या खरेदीखताची नोंदणी सक्तीची होती, म्हणून तो मिळण्याची आशाही असते.

मी हे दोघांना वेगवेगळे सांगितले. नानांचा नातू आणि मास्तरांची सून, दोघे मिळून नोंदणी कचेरीत खेटे घालू लागले. सहाव्या आठवड्यात नकला हाती आल्या. 1898 सालचे गहाणखत होते: 200 रुपये, मुदत 7 वर्षे, ताबा घेणाऱ्याकडे. गहाण ठेवणाऱ्याने कर्जाचे कारणही लिहिले होते, बैल मेले आणि मुलीचे लग्न. खाते घेणाऱ्याच्या नावे व्हावे म्हणून त्याच सुमारास राजीनामा. दुसरा दस्त 1905 चा. मुदत भरली, पैसे परत करणे जमले नाही, तेव्हा आणखी 125 रुपये घेऊन तीच जमीन खरेदीखताने दिलेली. विहिरीच्या पाण्याचा निम्मा हिस्सा मात्र नानांच्या आजोबांनी राखून ठेवला होता.

या शेवटच्या ओळीवर दोघेही थबकले. विहिरीचे पाणी आजही दोन्ही वाड्यांना पाळीने जाते. ती पाळी मास्तरांच्या घरच्यांना आपल्या वडिलांचे औदार्य वाटत असे, तर नानांच्या घरच्यांना जुनी वहिवाट. तो लिहून ठेवलेला हक्क आहे, हे दोघांच्याही घरात कुणाला माहीत नव्हते.

‘‘म्हणजे लुबाडले नाही,’’ नाना सावकाश म्हणाले.

‘‘आणि खुशीनेही दिले नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘गरज होती. गरजेपायी राजी झाले. माझ्या आजाने अडलेल्याकडून जमीन घेतली, हेही खरेच की रे.’’

‘‘पाणी तर ठेवले ना!’’

त्यावर दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मास्तरांनी एक जाड पाकीट आणले, सगळे कागद त्यात नीट घातले आणि आपल्या वळणदार शिक्षकी अक्षरात वर लिहिले: ‘जमिनीचा राजीनामा, 1898. नोकरीचा नव्हे. सोबतचे गहाणखत व खरेदीखत वाचल्याशिवाय अर्थ लावू नये.’

नानांनी ते वाचले आणि पाकीट नातवाच्या हाती दिले.