जुन्या लॅपटॉपमधलं किल्लारी

लातूरची नोकरी सोडून नांदेडला आले, लॅपटॉप ऑफिसात जमा झाला. त्यात किल्लारीच्या आजोळच्या घराचे स्कॅन केलेले फोटो आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात ते घर गेलं, मूळ फोटो पुढे मामाकडे वाळवीनं खाल्ले.

आज जुन्या साहेबांना मेसेज लिहिला. आधी ख्यालीखुशाली लिहिली होती, ती खोडली. पहिलंच वाक्य: "सर, माझा लॅपटॉप अजून फॉरमॅट झाला नसेल तर कृपया थांबवा." घाई एसएसडीमुळे. तिच्यावरची फाइल पुसली की विंडोज ती जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवते, आणि ड्राइव्ह ती आतून साफ करून टाकते. मग रिकव्हरीवालाही बहुधा हात टेकतो. जुन्या हार्ड डिस्कवर निदान आशा असायची.

पुढे जमा-पावतीवरचा सिरीयल नंबर आणि नेमका पत्ता दिला: `D:\Ghar\Killari`. नुसतं "माझे फोटो द्या" म्हटलं तर आयटीतला पोरगा बिचारा शोधणार कुठे? पासवर्ड लिहिला नाही; ॲडमिन खात्यातून त्यांना फोल्डर उघडता येतं. "ऑफिसची एकही फाइल नाही हे तुम्हीच तपासा, पेनड्राइव्ह घेऊन मी लातूरला येते, नंतर तिथली प्रत पुसून टाका." माझ्या मते होकार मिळाला तर याच ओळीमुळे मिळेल. कंपनीला धास्ती असते ती गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाण्याची.

संध्याकाळी उत्तर आलं, "आयटीला विचारतो." लॅपटॉप नव्या माणसाला दिला असला, तरी कधीकधी फक्त सी ड्राइव्हच पुसतात. हे त्यांना लगेच कळवलं.