आठ सत्तेचाळीसची रेघ

रोलबॅक झाला होता आणि तो लागूही पडला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये कारण म्हणून छापलं गेलं ‘चुकीचा रोलबॅक’. ज्या पोराने तो केला त्याचं नाव त्याच ओळीत होतं. ते मला अजून पचलेलं नाही.

ऐरोलीतलं ऑफिस, पेमेंटचं ॲप, संध्याकाळी साडेआठला नवीन व्हर्जन चढवलं आणि व्यवहार फेल व्हायला लागले. अशी रात्र या धंद्यात सगळ्यांनीच काढलेली असते. दहा मिनिटांत, म्हणजे आठ चाळीसला, त्या पोराने जुनं व्हर्जन परत आणलं. पण डॅशबोर्डवर एररची रेघ जिथे होती तिथेच, हलायला तयार नाही.

आमचे लॉग ॲपमधून काफ्कात, तिथून लॉगस्टॅशमार्गे इलॅस्टिकसर्चमध्ये जातात आणि मग पडद्यावर दिसतात. एरवी सेकंदाला पाचेक हजार ओळी येतात आणि लॉगस्टॅशला आठ हजारांपर्यंत झेपतात. पण एकेक फेल झालेला व्यवहार साठ-साठ ओळींचा स्टॅक ट्रेस ओकत होता, त्यामुळे आवक वीस हजारांवर गेली. सेकंदाला बारा हजार ओळी मागे राहायला लागल्या. दहा मिनिटांत बहात्तर लाख. काफ्का बिचारा सांभाळून ठेवतो, काही हरवत नाही. फक्त सगळं उशिरा पोचतं.

हा उशीर कुणाला दिसला नाही, कारण ओळीत छापलेली वेळ उचलून `@timestamp` मध्ये घालणारा `date` फिल्टर आमच्याकडे कुणी लावलाच नव्हता. तो नसला की लॉगस्टॅशने ओळ हातात घेतली तो क्षणच तिची वेळ ठरतो. म्हणजे आठ सदतीसला फेल झालेला व्यवहार आठ अठ्ठेचाळीसला ‘आत्ताचा’ म्हणून पडद्यावर येत होता. हिशेब मांडला तर साठलेल्या एरर आठ पंचावन्नपर्यंत येतच राहणार होत्या. काही न करता पंधरा मिनिटं बसायचं होतं, एवढंच.

आमचे साहेब कॉलवर आले आठ सत्तेचाळीसला. “अजून एरर येतायत. मग रोलबॅकचा उपयोग काय?” पोरगा म्हणाला, “सर, सर्व्हरवर बघा ना, तिथे सगळं नीट चाललंय.” त्याने एका सर्व्हरवर `tail -f` लावून स्क्रीन शेअर केली. व्यवहार सरळ जात होते, शेवटची एरर आठ चाळीसची. ती ओळ मी डोळ्यांनी पाहिली. साहेब म्हणाले, “एका सर्व्हरवरून काय कळतं? डॅशबोर्ड सगळ्यांचा आहे.” दुसरा सर्व्हर उघडेपर्यंत हुकूम सुटला: नवीन व्हर्जन परत चढवा, डेटाबेस रीस्टार्ट करा. मी ही कमांड चालवून दाखवली:

```
kafka-consumer-groups.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --describe --group logstash
```

`LAG` च्या रकान्यात प्रत्येक पार्टिशनसमोर लाखांतले आकडे. “लॉगचं नंतर बघू,” असं उत्तर मिळालं. आणि मग खरोखरच सगळं पडलं. लोकांना जो त्रास झाला, त्यातला मोठा भाग या दुसऱ्या फेरीतला होता.

खरं तर रेघच सांगत होती. तिचा माथा इस्त्री केल्यासारखा सपाट होता. खऱ्या एरर कधी अशा येत नाहीत, वरखाली होतात. माथा सपाट दिसला की समजायचं, मधे काहीतरी तुंबलंय आणि ते आपल्या कमाल वेगाने ओततंय. उलट फिल्टर लावलेला असता, तर ताजी मिनिटं रिकामी दिसली असती आणि ‘एरर कमी झाल्या’ म्हणून आम्ही भलत्याच वेळी निर्धास्त झालो असतो. तेव्हा फिल्टर लावला की भागलं, असंही नाही. एररची मोजणी लॉगमधून न करता ॲपने स्वतः ठेवलेल्या काउंटरवरून करावी, तो आकडा स्टॅक ट्रेसने फुगत नाही. आणि आलेखाशेजारी एक चौकोन ठेवावा: सगळ्यात ताज्या ओळीत छापलेली वेळ आत्ताच्या वेळेपासून किती मागे आहे.

मोठ्यांचंही हेच होतं. २५ नोव्हेंबर २०२० ला अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका विभागात किनेसिस बसलं, तर त्याच्यावर टेकलेलं क्लाउडवॉच, म्हणजे बिघाड दाखवणारंच साधन, सोबत लंगडं झालं.

त्या रात्री साहेबांचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. समोर लाल रेघ आणि कानात बिझनेसवाल्यांचे फोन असताना ‘काही करू नका’ म्हणायला वेगळीच छाती लागते. मेलचा राग मात्र येतो. तो मेल शांतपणे बसून, लॅगचे आकडे हाती असताना लिहिला होता. पोराने पुढे नोकरी सोडली.

आता तो चौकोन आमच्या डॅशबोर्डवर आहे. परवा पुन्हा एरर चढल्या, आलेख चांगला दातेरी, चौकोनात उशीर दोन सेकंद. साहेब कॉलवर म्हणाले, “थांबा जरा, लॅग असेल.”