चार वळणांचा क्यूब

दोन बाय दोनच्या क्यूबमध्ये फक्त आठ कोपरे असतात. मधला तुकडाच नसल्यामुळे कोणत्या बाजूचा रंग कोणता, हे सांगायला कुणी नसतं. म्हणून मी एक पांढरा कोपरा हातात धरून ठेवतो आणि बाकीचं त्याच्याभोवती रचतो. पांढरा रंग वर आला की थर झाला, असं मुलांना वाटतं. मी त्यांना क्यूब फिरवून बाजू पाहायला सांगतो. प्रत्येक बाजूला पांढऱ्या थरातले शेजारचे दोन रंग एकच हवेत. ते जुळले नसतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

हा थर रचायला मी R' D' R D एवढंच वापरतो. उजवा थर समोरून खाली, तळ समोरून डावीकडे, उजवा वर, तळ उजवीकडे. हवा तो तुकडा त्याच्या जागेच्या बरोबर खाली, समोर उजवीकडे आणायचा आणि तो नीट बसेपर्यंत ही चार वळणं करत राहायचं.

मग क्यूब उलटा करून पांढरा थर तळाशी घ्यायचा. आधी पिवळ्या कोपऱ्यांच्या जागा पाहायच्या. पिवळा कुठे वळला आहे, याची चिंता नंतर. एकमेकांशेजारी योग्य असलेली जोडी मागे ठेवून R' F R' B2 R F' R' B2 R2 केलं की पुढचे दोघे आपसात बदलतात. अशी जोडी दिसलीच नाही तर ते एकदा कसंही करून पुन्हा पाहावं.

शेवटी पुन्हा तीच चार वळणं. समजा, दोन कोपरे वाकडे आहेत. पहिला समोर उजवीकडे घेतला आणि त्याचा पिवळा उजव्या बाजूला आहे. चार वळणं दोनदा केली की पिवळा वर येतो. या वेळी तळ विस्कटलेला दिसतो आणि नवखा माणूस नेमका इथेच घाबरून क्यूब फिरवतो. क्यूब तसाच धरायचा, फक्त वरचा थर फिरवून दुसरा कोपरा त्याच जागी आणायचा. त्याचा पिवळा समोर असेल तर चार वळणं चारदा. दोन आणि चार मिळून सहा झाले, आणि ही वळणं सहा वेळा केली की तळ आपोआप पूर्ववत होतो. मला या रीतीतलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. स्पर्धेतली मुलं याहून पुष्कळ झटपट सूत्रं पाठ करतात, पण तळ परत का येतो हे ज्याला उमगलं, त्याला क्यूब कळला असं मी मानतो.

सगळं जुळून एकच कोपरा वाकडा राहिला, तर सूत्र पुन्हा पुन्हा करू नका. नुसत्या वळणांनी तशी स्थिती येऊच शकत नाही. तो कोपरा कुणीतरी जोर लावून जागच्या जागी पिळला आहे. हातानेच तो परत पिळा.