आठ वाजता किती वाजतात?

सकाळी आठला ओव्हर घेऊन झाला की ट्रीटमेंट शीटवर एकच आकडा पुन्हा पुन्हा दिसतो, तो म्हणजे आठ. सहा पेशंट म्हटले तरी पंधरा-वीस कामं आणि सगळ्यांची वेळ एकच. नवी सिस्टर पहिल्या कॉटपासून सुरुवात करते आणि ओळीने शेवटच्या कॉटला पोचते, तोवर नऊ वाजलेले असतात. माझं म्हणणं असं की शीटवरचा आठ हा क्रम नसतो, ती फक्त पत्रिकेवरची तारीख असते. क्रम ठरतो तो दुसऱ्याच प्रश्नावरून: हे काम कोणत्या गोष्टीला बांधलेलं आहे, आणि ती गोष्ट माझ्या हातात आहे का?

मेडिकल वॉर्डमधली एक नेहमीची सकाळ घेऊ. चार नंबरला नाश्त्याआधी रेग्युलर इन्सुलिन आहे. ते साधारण अर्ध्या तासाने काम सुरू करतं, म्हणून ते घड्याळाला नाही, नाश्त्याच्या ट्रॉलीला बांधलेलं असतं. ट्रॉली पावणेनऊला येणार असेल तर सव्वाआठ ही त्याची वेळ. पण किचनमध्ये आज उशीर असेल तर तेच इंजेक्शन वेळेवर देणं धोक्याचं, साखर उतरेल आणि पोटात काही नसेल. म्हणून सिरिंज भरण्याआधी शुगर तपासायची, आणि त्याही आधी मावशींना विचारायचं की ट्रॉली निघाली का. सहा नंबरचे आजोबा पार्किन्सनचे. त्यांची लेव्होडोपाची गोळी द्यायला मिनिट लागत नाही, पण ती लांबली तर अंग ताठरतं आणि मग तीच गोळी गिळणं अवघड होतं. शिवाय नाश्त्यातल्या दूध-अंड्याची प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. म्हणजे तीही ट्रॉलीच्या आधीच जायला हवी.

नऊ नंबरच्या नावापुढे मात्र आठ लिहिलेलंच नसतं. त्यांना पहाटे तापासोबत ब्लड प्रेशर उतरल्यामुळे दाखल केलं, आणि सात चाळीसला डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा पहिला डोस तातडीने द्यायला लिहिला. औषध स्टोअरमधून यायचं होतं, तेवढ्यात रात्रपाळी संपली. रात्रीच्या सिस्टरला वाटतं सकाळची देईल, सकाळचीला वाटतं तातडीचं होतं म्हणजे दिलंच असेल. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये जाऊ पाहणाऱ्या पेशंटला हा डोस तासाभरात मिळावा अशी अपेक्षा असते, आणि त्यातली वीस मिनिटं ओव्हरमध्येच गेलेली असतात. आठच्या रकान्यावर बोट ठेवून काम करणाऱ्याला हे काम सापडतच नाही. ते सापडतं केसपेपरची शेवटची ऑर्डर वाचल्यावर, आणि पाच मिनिटांत सगळ्या कॉटवरून नजर फिरवून आल्यावर. ती पाच मिनिटं वाया गेली असं मला कधीच वाटत नाही.

मग क्रम असा लागतो: आधी मामांना स्टोअरमध्ये पिटाळायचं, कारण त्या फेरीला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपले हात मोकळे असतात. तोवर आजोबांची गोळी, मग ट्रॉलीची खात्री करून शुगर, मग इन्सुलिन. औषध हातात आलं की दुसरं काही न करता साडेआठपर्यंत नऊ नंबरचं अँटिबायोटिक. कॅल्शियम, व्हिटॅमिन, दिवसातून एकदाच्या गोळ्या यांना घाई नाही.

इथे हरकत येते, आणि ती रास्त आहे. डॉक्टरांनी आठ लिहिलं असताना पुढेमागे करणारी सिस्टर कोण? पण सगळ्याच औषधांना अर्ध्या तासाचा एकच नियम लावून पाहिलेला आहे. अमेरिकेत तो होता, आणि त्या घाईत परिचारिकांना आडवाटा घ्याव्या लागतात हे पुढे आल्यावर 2011 मध्ये तो बदलला. तिथल्या औषध-सुरक्षा मार्गदर्शनात वेळेला बांधलेल्या औषधांसाठी अर्ध्या तासाची मुभा राहिली, दिवसातून एकदाच्या बहुतेक औषधांना दोन तासांची मिळाली. ही मनमानी नव्हे. मात्र कोणतं औषध कोणत्या गटात, हे हॉस्पिटलने आधी लिहून ठेवायला हवं. ते एकट्या सिस्टरच्या अंदाजावर सोडू नये. दुसरी हरकत जास्त खरी वाटते: एका कॉटची सगळी कामं एकदम केली तर चालणं वाचतं आणि चूकही कमी होते. मान्य. म्हणून बांधलेली तीन-चार कामं उचलून आधी करायची आणि उरलेल्यांसाठी खुशाल कॉटच्या ओळीनेच जायचं.

राहिलं अकरा नंबरचं रक्त. ते आठच्या गर्दीत मागवणं हा उत्साह महागात पडतो. बॅग फ्रिजबाहेर आली की अर्ध्या तासात लावायची असते, आणि पहिली पंधरा मिनिटं सिस्टरने जवळ थांबायचं असतं, कारण गंभीर रिॲक्शन बहुधा तेव्हाच दिसते. म्हणून आधी इंट्राकॅथ चालू आहे ना ते पाहायचं, आधीचं टेंपरेचर आणि बीपी लिहायचं, आणि सव्वानऊला ती पंधरा मिनिटं मोकळी मिळतील अशा बेताने रक्तपेढीत माणूस पाठवायचा. चार तासांच्या आत बॅग संपायला हवी, म्हणजे फार तर सव्वाएक. हेच रक्त अकराला लावलं तर त्याचा शेवट दोनच्या ओव्हरमध्ये जाऊन पडतो, आणि तेव्हा सगळ्या सिस्टर टेबलाभोवती उभ्या असतात.