वीस दिवसांची पिढी

माझा जन्म १९ डिसेंबर १९९६चा. ऑफिसात माझ्या शेजारी बसते तिचा ८ जानेवारी १९९७चा. आम्ही एकाच वर्षी बारावी झालो, एकाच कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, एकाच दिवशी इथे जॉइन झालो. तरी गेल्या वर्षी एका दुपारी मी मिलेनियल ठरलो आणि ती जेन-झी. ठरवणारा मीच होतो. म्हणजे माझा कोड.

मी कंपनीची आतली टूल्स लिहितो. एचआरला एक डॅशबोर्ड हवा होता: कुठली पिढी कंपनीत किती टिकते. मी इंटरनेटवरून सगळ्यात जास्त वापरले जाणारे आकडे उचलले आणि लिहून टाकलं:

```sql
CASE
  WHEN birth_year >= 1997 THEN 'Gen Z'
  WHEN birth_year >= 1981 THEN 'Millennial'
  WHEN birth_year >= 1965 THEN 'Gen X'
  ELSE 'Boomer'
END
```

चार्ट आला तो जिन्यासारखा. जेन-झीची पट्टी सगळ्यात बुटकी, मिलेनियल तिच्याहून उंच, जेन-एक्स आणखी उंच. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. "बघा, ही मुलं टिकतच नाहीत." त्यातून दोन प्रस्ताव निघाले. नव्या मुलांकडून बाँड लिहून घ्यायचा, आणि कंपनीच्या खर्चाने होणारे सर्टिफिकेशनचे कोर्स जेन-झीला तूर्तास द्यायचे नाहीत. त्याच कोर्ससाठी आम्ही दोघांनी अर्ज केला होता. मला मिळणार होता, तिला नाही. कारण ती वीस दिवस उशिरा जन्मली.

ती हसली आणि म्हणाली, "तू तर काकांच्या पिढीतला निघालास." मला मात्र हसू आलं नाही. तो `1997` मी टाइप केला होता आणि तो कुठून आला हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री शोधलं. १९८१ ते १९९६ ही मिलेनियलची चौकट अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची आहे. शेवट १९९६लाच का, याचं त्यांनी दिलेलं एक कारण असं, की ११ सप्टेंबर २००१चा हल्ला समजण्याइतकी ही मुलं तेव्हा मोठी होती, त्यानंतर जन्मलेली नव्हती. मी तेव्हा पावणेपाच वर्षांचा होतो आणि बालवाडीत डबा सांडत होतो. मला त्या हल्ल्याचं काहीही आठवत नाही. न्यूयॉर्कमधल्या माझ्या वयाच्या मुलालाही कितपत आठवत असेल, शंकाच आहे.

बरं, ही चौकट तरी एकच आहे का? अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१५मध्ये मिलेनियल धरले ते १९८२ ते २००० या काळात जन्मलेले. त्या हिशोबाने आम्ही दोघंही मिलेनियल. ऑस्ट्रेलियातली मॅक्रिंडल ही संस्था जेन-झी १९९५पासून मोजते. त्या हिशोबाने आम्ही दोघंही जेन-झी. आमच्यामधून रेघ जाते ती फक्त प्यूच्या व्याख्येत, आणि नेमकी तीच मी उचलली होती.

या सगळ्यात एकाच नावाखाली खरी मोजदाद आहे, ते म्हणजे बेबी बूमर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची संख्या एकदम वाढली आणि १९६४पर्यंत चढीच राहिली. आलेखात तो फुगवटा दिसतो. पुढच्या नावांना असा आधार नाही. 'जनरेशन एक्स' हे नाव रुजलं ते डग्लस कूपलंडच्या १९९१च्या कादंबरीमुळे. 'मिलेनियल' हे नाव त्याच वर्षी स्ट्रॉस आणि हाव या लेखकांनी पुढे आणलं. १९८२ साली जन्मलेली मुलं २००० साली शाळेतून बाहेर पडणार, म्हणून सहस्रकाची मुलं.

माझा मोठा चुलतभाऊ १९८२चाच. मी जन्मलो तेव्हा तो नववीत होता. ट्रंक कॉल लावण्यासाठी पोस्टात जाऊन बसणं त्याला आठवतं, आणि कॉलेजात असताना तो एसटीडी बूथवर बसून खर्चाचे पैसे कमवायचा. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ आलं आणि आमच्या होस्टेलचं वायफाय कोणी विचारेना. लेबल म्हणतं, आम्ही दोघं एक. शेजारचीला मात्र ते माझ्यापासून वेगळी काढतं. चौदा वर्षांचं अंतर चालतं, वीस दिवसांचं नाही.

पण खरं सांगायचं तर रेघ चुकीच्या जागी आहे, एवढाच प्रश्न असता तर मी ती दोन वर्षं सरकवून मोकळा झालो असतो. मोठी चूक जिन्यातच होती.

मी काय मोजलं होतं? आज कंपनीत असलेल्या माणसांची इथली सरासरी वर्षं. आता चोवीस वर्षांच्या मुलाची इथे बारा वर्षं होतील कशी? बाराव्या वर्षी तो सातवीत होता. पट्टी बुटकी असणारच, त्याला पिढीचा स्वभाव लागत नाही. दुसरी गोष्ट त्याहून लबाड. माझ्या टेबलात फक्त आज हजर असलेली माणसं होती. जेन-एक्समधला जो माणूस चोविसाव्या वर्षी जॉइन झाला आणि सव्विसाव्या वर्षी सोडून गेला, तो त्या टेबलात नव्हताच. उरले होते ते टिकलेले. टिकलेल्यांची सरासरी काढून मी 'ही पिढी टिकते' असं दाखवलं होतं.

मग सोडून गेलेल्यांचं जुनं टेबल मिळवलं आणि प्रश्न बदलला. पंचविशीच्या आत जॉइन झालेली माणसं घ्यायची, कुठल्याही सालातली, आणि दोन वर्षांनी त्यांतली किती शिल्लक होती ते बघायचं. ज्यांना जॉइन होऊन अजून दोन वर्षं झालेली नाहीत त्यांना सरळ वगळायचं, कारण त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.

जिना गायब झाला. त्याच्या जागी वरखाली होणारी एक रेघ आली. आज ज्यांना आपण 'सिनियर आणि निष्ठावान' म्हणतो, त्यांच्या बॅचमधलीही बरीच मुलं दोन वर्षांत निघून गेली होती. सगळ्यात खोल खड्डा होता २०२१च्या आसपासचा, जेव्हा आयटीत सगळीकडे भरती जोरात होती आणि ऑफर लेटर खिशात घेऊन लोक फिरत होते. त्या काळात पस्तिशीचे आणि चाळिशीचेही गेले होते. बाजार थंडावला तसे सगळेच बसून राहिले, जेन-झीसकट.

हे काही आमच्याच कंपनीचं वेगळेपण नव्हतं. प्यूनेच २०१७मध्ये सरकारी आकडेवारी घेऊन अशी तुलना केली होती: २०१६मधले १८ ते ३५ वयाचे नोकरदार आणि २०००मधले त्याच वयाचे नोकरदार. एकाच मालकाकडे किमान तेरा महिने टिकलेले २०१६मध्ये सुमारे ६३ टक्के होते, २०००मध्ये सुमारे ६०. म्हणजे सतत नोकऱ्या बदलणारे म्हणून बदनाम झालेले मिलेनियल त्या वयात जेन-एक्सपेक्षा काकणभर जास्तच टिकत होते.

यात एक गोम आहे. ती कळल्यावर पिढ्यांचा कुठलाही चार्ट मला सरळ डोळ्यांनी बघता येत नाही. कुणीतरी नोकरी सोडतं याची तीन कारणं असू शकतात. एक, वय: पंचविशीत माणूस चाचपडतच असतो. दोन, काळ: त्या वर्षी बाजार कसा होता. तीन, पिढी: तो कधी जन्मला आणि कशात वाढला. पण चालू सालातून वय वजा केलं की जन्मसाल येतं. तिसरा कॉलम पहिल्या दोनांतून काढलेला आहे, त्यात नवी माहिती शून्य. त्यामुळे एकाच वर्षाचा डेटा समोर असेल तर 'तरुण आहे म्हणून' आणि 'जेन-झी आहे म्हणून' हे वेगळं करणारी क्वेरी लिहिताच येत नाही. माझा पहिला डॅशबोर्ड एकाच दिवसाचा होता. त्यावर मी वयाऐवजी पिढीचं नाव चिकटवलं होतं, इतकंच. अनेक वर्षांचा डेटा असला तरी बाहेरून काहीतरी गृहीत धरल्याशिवाय ही तीन कारणं पूर्ण सुटी होत नाहीत.

पिढी नावाची गोष्टच खोटी, असं मला म्हणायचं नाही. ज्या वयात माणूस घडतो त्या वयात काय घडलं याची खूण राहतेच. पण ती कुठे वाढला, घरात काय होतं, यावर ठरते. माझी गावाकडची आतेबहीण माझ्याच वर्षाची. तिच्या हातात इंटरनेट आलं ते विसाव्या वर्षी. शेजारचीच्या घरी ती पाचवीत असताना ब्रॉडबँड होतं. २०२१मध्ये अमेरिकेतल्या दीडशेहून जास्त समाजशास्त्रज्ञांनी आणि लोकसंख्येच्या अभ्यासकांनी प्यूला पत्र लिहून ही लेबलं सोडा म्हटलं. २०२३मध्ये प्यूने जाहीर केलं, की यापुढे जुना डेटा असेल आणि सारख्या वयाची तुलना करता येत असेल तरच पिढ्यांवर बोलू. ज्यांची रेघ मी उचलली त्यांनीच हात आखडता घेतला होता, आणि मी ती दोन वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये टाकली होती.

नवा चार्ट घेऊन पुन्हा मीटिंगला गेलो. एक साहेब म्हणाले, "हे बरोबर असेल, पण मग स्लाइडवर लिहायचं काय?" प्रश्न रास्त होता. 'जेन-झी टिकत नाही' हे तीन शब्दांत बसतं, माझं उत्तर बसत नाही. शेवटी कोर्सची अट बदलली: कंपनीत दोन वर्षं पूर्ण केलेला कोणीही. शेजारचीला कोर्स मिळाला. बाँडचा विषय पुढच्या तिमाहीवर गेला आहे, संपलेला नाही.

डेटा साफ करताना दिसलेली एक गोष्ट मी स्लाइडवर घातली नाही. जन्मतारखांचा आलेख काढला तर वर्षभर सपाट, आणि १ जूनला एक उंच सुळका. त्यात बहुतेक वयाने मोठे लोक होते. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही तो सुळका समजावून सांगावा लागत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून लिहायचे.

माझे बाबाही त्या सुळक्यातले. कागदावर १ जून १९६४. आजी म्हणायची, पाकिस्तानशी लढाई चालू होती तेव्हाचा हा, म्हणजे १९६५चा सप्टेंबर. गुरुजींनी सहा वर्षं पूर्ण दाखवण्यासाठी वय वाढवलं असणार. कागदाप्रमाणे बाबा बूमर, आजीप्रमाणे जेन-एक्स. याचं त्यांना काही सोयरसुतक नाही. त्यांना सलतं ते वेगळंच. सरकारी नोकरीत तारीख एक असली की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. ३१ मे २०२२ला अठ्ठावन्न पूर्ण झाले म्हणून नारळ-शाल देऊन त्यांना घरी पाठवलं. त्यांच्यासोबत त्याच दिवशी त्याच ऑफिसातले आणखी तिघं होते, तिघंही १ जूनचे. आजीचं ऐकलं असतं तर त्यांची सव्वा वर्षाची नोकरी बाकी होती.